चौकड्याच्या शर्टाची किंमत

तिला आम्ही सगळे कॉलरमावशी म्हणायचो. बावीस वर्षं तिने फक्त कॉलरी शिवल्या. शर्टाचं बाकी अंग दुसऱ्यांनी जोडायचं, कॉलर मात्र तिच्याच मशीनवरून जायची. दोन्ही टोकं अशी जुळायची की एकावर एक ठेवली तर केसाएवढा फरक दिसायचा नाही. मी तिच्या शेजारच्या मशीनवर कफ शिवायचे. माझा कफ वाकडा गेला की ती काही बोलायची नाही. उचलून माझ्याच पुढ्यात ठेवायची आणि परत आपल्या कामाला लागायची. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

मग तिचे डोळे गेले. म्हणजे आंधळी झाली नाही, पण बारीक टाका दिसेनासा झाला. चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलू लागला. तेव्हा थोरले मालक हयात होते. त्यांनी तिला मशीनवरून उठवून आत कोपऱ्यात टेबल दिलं आणि म्हणाले, "आजपासून एका शर्टाला काय पडतं ते तू काढायचं. तुझ्या हातून चूक होत नाही." हे वाक्य तिने आयुष्यभर पाठीवर वाहिलं. चूक होत नाही म्हणून ज्याला बसवलं, त्याला एक चूकसुद्धा महागात पडते.

काम तसं सोपं होतं, असं आम्हाला बाहेरून वाटायचं. कागदाच्या डाव्या बाजूला कापड, कॉलर ताठ ठेवणारं बकरम, बटणं, लेबल, पिशवी. खाली दोरा. त्याखाली मजुरी: कापणं, शिलाई, काज-बटण, धागे तोडणं, इस्त्री. सगळ्यात शेवटी वरखर्च, म्हणजे शर्ट एक शिवा नाहीतर हजार शिवा, जो चुकत नाही तो खर्च. भाडं, वीज, बॉयलर, राखणदाराचा पगार, मशीनची डागडुजी, बँकेचं व्याज, आणि तिचा स्वतःचा पगारसुद्धा. हा सगळा वरखर्च मिळून महिन्याला एक लाख ऐंशी हजार होता. त्याला महिन्यात निघणाऱ्या शर्टांनी भागायचं आणि एका शर्टाच्या डोक्यावर त्याचा वाटा टाकायचा. एवढंच.

पण मावशीला त्या कागदाची भीती वाटायची. ती आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका कारखान्यात होती. एके सकाळी डबे घेऊन सगळे दारात पोचले तर दाराला कुलूप. मालक रातोरात निघून गेला होता. चाळीस बाया रस्त्यावर उभ्या, कुणाच्या दोन महिन्यांच्या मजुरीवर पाणी पडलेलं. पुढे कळलं की त्याने एका मोठ्या ऑर्डरचा भाव चार-सहा रुपयांनी कमी लावला होता, बास. प्रत्येक शर्टामागे थोडं थोडं रक्त गेलं आणि दहा महिन्यांत माणूस कोरडा पडला. "दरोडा पडला तर कळतं तरी," मावशी म्हणायची. "हे कळतच नाही. आपण हसत-खेळत शिवत असतो आणि प्रत्येक शर्ट आपल्यालाच खात असतो."

आता काय झालं ते सांगते.

थोरले मालक गेले आणि त्यांचा मुलगा गादीवर बसला. पोरगा वाईट नव्हता, पण घाईचा. बापाने पंधरा वर्षांत जे केलं ते याला पंधरा महिन्यांत हवं होतं. त्या वर्षी काम रोडावलं होतं. महिन्याला जेमतेम दोन हजार शर्टांचं काम हातात. अशात एका हॉटेलवाल्यांची ऑर्डर चालून आली. त्यांच्या नोकरांचे गणवेश, महिन्याला दोन हजार शर्ट, सहा महिने. म्हणजे बारा हजार.

मालक दुपारी तीन वाजता तिच्या टेबलाशी आला. "मावशी, पाच वाजेपर्यंत भाव हवा. ते आणखी दोघांना विचारतायत."

"कापड कुठलं?"

"त्यांचं नमुन्याचं कागदपत्र आलंय, बघा ना. एकशे दहा रुपये मीटर पडेल, मी बोललोय."

तिने कागद पाहिले. घाईत होती, चष्मा नवा होता, आणि डोक्यात वेगळंच चाललं होतं. तिच्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची त्याच आठवड्यात होती, आणि नवरा पाठीच्या दुखण्याने आठ महिने घरी. तिने मागच्या वर्षीच्या साध्या शर्टाचा कागद काढला आणि त्यावरचा कापडाचा आकडा उचलला. एक मीटर साठ, वाया जाणारी छाट धरून. एकशे शहात्तर रुपये. बकरम, बटणं, लेबल, पिशवी मिळून चोवीस. दोरा तीन. मजुरी सत्तर. आणि वरखर्च, आता महिन्याला चार हजार शर्ट निघणार म्हणून एक लाख ऐंशी हजार भागिले चार हजार, पंचेचाळीस. बेरीज तीनशे अठरा. मालकाने वर चौदा रुपये लावले आणि तीनशे बत्तीसला सौदा ठरवून आला. त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या सोमवारी कापड आलं. मी त्या दिवशी दाराशीच होते. ताके उतरले, कागद फाटला आणि आतून निळ्या-पांढऱ्या चौकड्या दिसल्या. ठसठशीत, अंगठ्याएवढ्या. छान दिसत होतं कापड. मी मावशीला हाक मारली, "बघ गं, काय देखणं आहे!"

ती आली, आणि तिच्या तोंडावरचा रंगच गेला. मला वाटलं चक्कर आली.

साध्या कापडात तुकडे कसेही फिरवून बसवता येतात. चौकड्याचं तसं नसतं. दोन्ही पुढचे भाग बटणपट्टीवर जुळले पाहिजेत, खिसा खालच्या रेघेवर बरोबर बसला पाहिजे, खांद्यावरची पट्टी, म्हणजे योक, दोन्ही बाजूंनी सारखी उतरली पाहिजे. त्यासाठी तुकडे सरकवावे लागतात आणि मध्ये कापड वाया जातं. हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि नमुन्याच्या कागदावरच्या चौकड्या नजरेतून निसटून तिनेच एक मीटर साठ लिहिलं होतं.

कापड एक दिवस मोकळं पसरून ठेवायचं, मग कापायचं, ही आमची पद्धत. ताक्यात ताणलेलं कापड तसंच कापलं तर नंतर आखडतं. म्हणून कटिंग मास्तरांनी ते उलगडून ठेवलं आणि संध्याकाळी खडूने एकदा मांडणी करून पाहिली. मावशी लांब उभी राहून बघत होती. चार शर्टांची मांडणी. टेप लावला. मास्तरांनी टेप पुन्हा लावला.

मास्तर तिच्याच वयाचे, तिच्याइतकेच जुने. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "काय गं कॉलर, चार शर्टांना तुझ्या कागदावर किती?"

"सहा चाळीस."

"इथे सहा अठ्ठ्याऐंशी लागतंय. दाबून बसवलं तरी."

म्हणजे शर्टामागे एक मीटर बहात्तर. बारा सेंटीमीटर जास्त. तेरा रुपये वीस पैसे. चौदा रुपयांच्या नफ्यातले तेरा रुपये तिथेच गेले.

"मालकांना सांगणार?" तिने विचारलं.

मास्तरांनी खडू खिशात टाकला. "मी कशाला सांगू? माझं तोंड बंद आहे. पण कापड बोलेल. बत्तीसशे मीटर आलंय. दोन हजार शर्टांचं म्हणून आलंय ना? त्यात अठराशे साठ बसतील. उरलेल्या एकशे चाळिसांचं काय सांगशील? उद्या दहाला मी कापायला घेतोय. एकदा कात्री चालली की मग देवसुद्धा जोडून देत नाही."

ती घरी गेली. नवरा पलंगावर पडूनच जेवत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सही कुणाची आहे सौद्यावर?"

"मालकाची."

"मग झालं तर. तू कशाला पुढे होतेस? आलं अंगावर, घेतलं शिंगावर, असं करायचं वय राहिलंय का आपलं? दोन-तीन महिने कुणाला कळणारसुद्धा नाही. तोवर पोरीचं वर्ष निघेल."

तो वाईट माणूस नव्हता. तोही घाबरला होता. मुलगी पलीकडे भिंतीला टेकून पुस्तक वाचत होती, किंवा वाचत असल्याचं दाखवत होती. मावशीने पान उलटण्याची वाट पाहिली. पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ती बटणांच्या खोलीत बसली होती. एका खोक्यावर कागद, हातात पेन्सिल. मी तिला चहा द्यायला गेले. "बस," ती म्हणाली. "मी बोलते, तू ऐक. माझं कुठे चुकतंय ते सांग."

मी सातवी पास. मला काय सांगता येणार? पण तिला कुणीतरी समोर हवं होतं.

"कापडाचे तेरा-वीस गेले," ती म्हणाली. "खिसा जुळवायला तुम्ही शर्टामागे तीन रुपये जास्त मागणार. मागाल ना? खरं सांग."

"मागू," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"जुळवण्यात वेळ जाणार, म्हणजे महिन्याला चार हजार निघणार नाहीत. छत्तीसशे धर. एक लाख ऐंशी भागिले छत्तीसशे, पन्नास. वरखर्चाचे पाच वाढले. सगळं मिळून तीनशे एकोणचाळीस-वीस. भाव तीनशे बत्तीस." तिने पेन्सिल ठेवली. "शर्टामागे सात रुपये वीस पैसे अंगावर. बारा हजार शर्टांवर शहाऐंशी हजार चारशे. आणि हे सगळं माझ्या अक्षरात आहे."

शहाऐंशी हजार म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण कुलूप लावलेलं दार मला लख्ख दिसलं. माझं घर या मशीनवर चाललं होतं. मी म्हटलं, "मावशी, गप्प राहा." मी म्हटलं हे. आजही आठवलं की लाज वाटते.

बाहेर मास्तरांनी कापडाचे थर लावायला सुरुवात केली होती. टेबलावर कापड सरकल्याचा, फट्‌कन बसल्याचा आवाज येत होता. एकेक थर. मग कापायचं मशीन सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. मावशी उठली. मला वाटलं बाथरूमला चालली. ती सरळ कटिंगच्या टेबलाशी गेली आणि कापडावर दोन्ही पंजे पालथे ठेवून उभी राहिली.

"बंद करा मास्तर."

मास्तरांनी बटण बंद केलं. बहुतेक ते याचीच वाट बघत होते. चौदाच्या चौदा मशीन एकेक करून थांबल्या. इतकी शांतता आमच्या कारखान्यात कामाच्या वेळी मी कधी ऐकली नव्हती. मालक केबिनमधून बाहेर आला.

"काय झालं?"

"माझं चुकलंय, मालक," ती म्हणाली. सगळ्यांसमोर. "आत चला, सांगते."

आत काय झालं ते मला तिने आणि मास्तरांनी नंतर सांगितलं, कारण तिने मास्तरांनाही आत नेलं होतं. मालकाने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग ओरडला नाही, हेच भयंकर होतं. अगदी हळू म्हणाला, "बाबा म्हणायचे तुमच्या हातून चूक होत नाही."

ती उभीच होती. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"ऑर्डर परत करू," तो म्हणाला. "आगाऊ घेतलेले पैसे देऊन टाकू."

"मग हातात दोनच हजार शर्ट राहतात," ती म्हणाली. "भाडं तेवढंच, वीज-बॉयलर तेवढंच. एक लाख ऐंशी दोन हजारांवर पडले तर शर्टाला नव्वद रुपये नुसता वरखर्च. हातात आहे त्या कामातही बुडू."

"मग शिलाई कमी करा. अठ्ठेचाळीस देतो ना आपण? त्रेचाळीस करा. त्यांना काम हवंय."

मास्तर म्हणाले, हा क्षण तिला सगळ्यात जड गेला. कारण मान डोलावली असती तर तिची चूक आमच्या चौदाजणींच्या मजुरीत बेमालूम विरघळली असती. कुणाला पत्ता लागला नसता.

"पाच रुपये वाचतील," ती म्हणाली. "आणि चौघी जातील. समोरच्या गल्लीत पन्नास देतात, मला माहीत आहे. दहाजणींत महिन्याला पंचवीसशे सत्तर शर्ट निघतील. वरखर्च पन्नासाचा सत्तर होईल. पाच वाचवायला वीस घालवाल. मालक, मला काढायचं तर काढा. पण हा आकडा खोटा नाही."

मालकाने डोकं हातात धरलं. एकदम लहान दिसायला लागला, असं मास्तर म्हणाले. त्यालाही भीतीच वाटत होती, दुसरं काय?

मग तिने खिशाची गोष्ट काढली. कॉलरी शिवून जन्म गेलेला, कापडाचा स्वभाव तिच्या बोटांत होता. खिसा आणि बाहेरचा योक चौकड्यांशी जुळवायचेच नाहीत. ते तिरके कापायचे, शिंप्यांच्या बोलीत उरेप. चौकड्या तिथे काटकोनात न येता पतंगासारख्या येतात. न जुळणारं मुद्दाम केल्यासारखं दिसतं, आणि जुळवायचा वेळ वाचतो. योक दुहेरी असतो, त्यातला आतला सरळच ठेवायचा, म्हणजे खांदा ताणला जाणार नाही. पुढचे दोन भाग तेवढे जुळवायचे.

"कापड किती लागेल?" मालकाने मास्तरांना विचारलं.

मास्तर बाहेर आले. खडूने पुन्हा मांडलं. आम्ही सगळ्या मशीनवर हात ठेवून बसलेल्या. चार शर्टांना सहा मीटर चौसष्ट. शर्टाला एक सहासष्ट. म्हणजे सहा रुपये साठ पैसे वाढले, पण मजुरी सत्तरच राहत होती आणि चार हजारांची आशाही. तीनशे चोवीस-साठ. चौदाचे सात उरत होते.

पण हॉटेलवाल्यांनी हो म्हणायला हवं होतं. नमुना मी आणि मावशीने मिळून शिवला. कॉलर तिने स्वतः शिवली, चष्म्यावर भिंग धरून. दोन वाजता मालक आणि ती तो शर्ट घेऊन गेले. तिथली खरेदी बघणारी बाई तरुण होती, कपाळाला आठ्या. तिने शर्ट उलटा-सुलटा केला, खांदा ओढून पाहिला, खिशावर बोट फिरवलं.

"हे ठरल्यासारखं नाही," ती म्हणाली.

मालकाने मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "नाही. खरं सांगायचं तर आधीच्या भावात सगळं जुळवून देणं आम्हाला झेपणार नाही. माझ्या हिशेबात चूक झाली. जुळवून हवं असेल तर बारा रुपये वाढवा. हा शर्ट त्याच भावात देऊ, आणि तो वेळेवर येईल."

बाईने शर्ट पुन्हा उचलून उजेडात धरला. मावशी मला म्हणाली, "त्या वेळी मला पोरीची फी दिसली, नवरा दिसला, तुम्ही सगळ्या दिसलात. तिने नाही म्हटलं असतं तर मी परत कारखान्यात आलेच नसते. तुमच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती."

"खिसा चालेल," बाई शेवटी म्हणाली. "पैसे वाढणार नाहीत. आणि एक शर्ट जरी उशिरा आला तरी बिलातून पैसे कापून घेईन."

साडेचारला मास्तरांनी मशीन सुरू केलं.

पहिल्या महिन्यात चार हजार निघाले नाहीतच. सदतीसशे ऐंशी निघाले, कारण उरेप योक जोडायला हात बसेपर्यंत वेळ गेला. वरखर्चाचा वाटा सत्तेचाळीस रुपये बासष्ट पैसे झाला आणि शर्टामागे पावणेपाच रुपये उरले. शिवाय एकशे वीस मीटर कापड आणखी मागवावं लागलं, तेव्हा मालकाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्हाला मजुरी वेळेवर मिळाली. तिला त्या वर्षी पगारवाढ मिळाली नाही, आणि तिने मागितली नाही. मुलीची फी तिने हातातली एकुलती बांगडी मोडून भरली. हे तिने घरात सांगितलं नाही, मला सांगितलं.

कामावरून तिला काढलं नाही, पण तिच्या कागदावर मास्तरांची दुसरी सही घ्यायची पद्धत मालकाने पाडली. मला वाटलं होतं तिला अपमान वाटेल. उलट तिला बरं वाटलं. पहिल्यांदा कुणीतरी तिच्या चुकीची शक्यता मान्य केली होती.

भीती मात्र गेली नाही. त्यानंतर ती आणखी आठ वर्षं त्या टेबलावर होती. कापड हातात आल्याशिवाय, बोटांत धरून उजेडासमोर पाहिल्याशिवाय तिने कधी भाव लिहिला नाही. मालक घाई करायचा, "मावशी, पाच वाजेपर्यंत हवा." ती चष्मा पुसायची आणि म्हणायची, "उद्या." तो चिडायचा, गिऱ्हाईक चिडायचं, एकदा एक ऑर्डर खरंच हातची गेली. ती पेन्सिल खाली ठेवून बसून राहायची. मी माझ्या मशीनवरून बघायचे, तर टेबलाखाली तिचे दोन्ही हात एकमेकांना घट्ट धरलेले असायचे.